कम्युनिटी पोस्टिंगचं जर्नल: वर्णनातून विश्लेषणाकडे कसं जायचं

एमबीबीएसच्या कम्युनिटी मेडिसिन पोस्टिंगमध्ये विद्यार्थी गावात गृहभेटींना जातात आणि आल्यावर लॉगबुकात रिफ्लेक्शन लिहितात. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात त्यासाठी तीन प्रश्न दिलेले आहेत: काय घडलं, मग काय, आणि पुढे काय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पानभर येतं. दुसऱ्याला दोन ओळी मिळतात आणि तिसऱ्याला एक. मी या नोंदी वाचतो, तपासतो आणि विद्यार्थ्यांबरोबर बसून पुन्हा लिहून घेतो. अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नापाशी असते, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच प्रश्नाविषयी आहे. त्यासाठी एकच प्रसंग घेऊ: गरोदर बाईच्या घरी दिलेली भेट आणि तिच्या रक्तवाढीच्या गोळ्या.

वाचलेल्या अनेक नोंदींवरून हा नमुना तयार केला आहे:

«आज आम्ही उपकेंद्राच्या गावात गृहभेटीला गेलो. आशाताई सोबत होत्या. एका घरी सहा महिन्यांची गरोदर महिला होती. वय २४ वर्षे, दुसरी खेप. हिमोग्लोबिन ९.२ होते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, परंतु तिने त्या नियमित घेतल्या नव्हत्या. आम्ही तिला गोळ्यांचे महत्त्व समजावून सांगितले आणि पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे खाण्याचा सल्ला दिला. ग्रामीण भागात आजही आरोग्याविषयी अज्ञान आहे हे पाहून वाईट वाटले. आरोग्यशिक्षण किती गरजेचे आहे हे या भेटीतून शिकायला मिळाले.»

नोंद प्रामाणिक आहे, भाषाही स्वच्छ आहे. शेवटची दोन वाक्यं मात्र पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा, ही वाक्यं गावात पाऊल टाकण्याआधी लिहिता आली असती का? आली असती. भेटीमुळे त्यांच्यात काहीच बदललेलं नाही. ‘अज्ञान’ हा निष्कर्ष आहे आणि नोंदीत त्याला एकही पुरावा नाही. ‘वाईट वाटलं’ ही भावना आहे. तिच्यामुळे नोंद भावपूर्ण होते, विश्लेषण होत नाही. जर्नल तपासताना मी सगळ्यात आधी हीच कसोटी लावतो. लिहिणाऱ्यानेही ती स्वतः लावून पाहावी.

पहिली पायरी: गाव सोडण्यापूर्वी कच्ची टिपणं

विश्लेषणाला कच्चा माल लागतो आणि तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हॉस्टेलवर येईपर्यंत तिने नेमकं काय म्हटलं ते विसरलेलं असतं. ‘गोळ्या नियमित घेत नाही’ हा आपला सारांश तेवढा उरतो. म्हणून परतीची गाडी सुटण्याआधी, पारावर किंवा उपकेंद्राच्या ओट्यावर दहा मिनिटं बसा आणि वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं ते.

आपल्या प्रसंगात डावा रकाना असा दिसेल. आम्ही विचारलं, “ताई, गोळ्या घेता ना रोज?” ती म्हणाली, “हो, घेते ना.” सासूबाई दारातून म्हणाल्या, “सकाळच्या चहाबरोबर घेती ती.” फळीवर लोहाच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या, त्यांतल्या चार न फोडलेल्या, पाचवीत सात गोळ्या शिल्लक. शेजारी कॅल्शियमची पट्टी, निम्मी संपलेली. एमसीपी कार्डावर गेल्या महिन्याचं हिमोग्लोबिन ९.८, या महिन्याचं ९.२. तपासणीच्या सगळ्या तारखा भरलेल्या. महिन्यापूर्वी सहा पट्ट्या दिल्याची नोंद, दिवसाला दोन गोळ्या.

उजव्या रकान्यात: ‘खोटं बोलतेय.’ ‘सासूसमोर बोलता येत नसेल.’ ‘आशाताईंनी लक्ष द्यायला हवं होतं.’ हे विचार लिहायला संकोच वाटतो, पण ते याच कच्च्या वहीत यायला हवेत. पुढे विश्लेषणात यांचीच तपासणी करायची आहे. ही वही कुणाला दाखवायची नसते.

दुसरी पायरी: एकच गाठ निवडा

एका भेटीत पाणी, शौचालय, चूल, लसीकरण असं बरंच दिसतं आणि सगळंच लिहावंसं वाटतं. सगळं लिहिलं की प्रत्येक गोष्टीला एक ओळ मिळते, म्हणजे पुन्हा वर्णनच. अपेक्षा एक होती आणि दिसलं दुसरंच, अशी एकच जागा निवडा. ती सापडत नसेल तर कच्च्या टिपणांत ‘पण’ कुठे आलाय ते बघा, किंवा भेटीत तुम्ही कुठे अडखळलात ते आठवा.

इथे गाठ स्पष्ट आहे. ती ‘घेते’ म्हणाली आणि फळीवर चार पट्ट्या न फोडलेल्या होत्या. महिनाभर दिवसाला दोन म्हणजे साठ गोळ्या संपायला हव्या होत्या. सहा पट्ट्यांतली एक दिसत नाही आणि पाचवीतून तीन गेल्यात, म्हणजे जास्तीत जास्त तेरा गेल्या. हा हिशेब नोंदीत आला की ‘नियमित घेत नाही’ हे ढोबळ विधान नेमकं होतं: सुरुवातीला घेतल्या आणि मग थांबवल्या, असं दिसतं. ‘नियमित घेत नाही’ आणि ‘घेत होती, थांबवल्या’ यांची कारणं वेगळी असू शकतात. न मोजता लिहिलं असतं तर हा फरक हातून निसटला असता.

तिसरी पायरी: किमान तीन कारणं, आणि प्रत्येकाचा पुरावा

खरं काम इथे आहे. वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या आटोपत्या घ्या, ही मात्र पुरी करा.

मनात आलेलं पहिलं कारण लिहा आणि तिथे थांबू नका. आणखी दोन तरी कारणं शोधा, तीही वेगवेगळ्या ठिकाणची: एक त्या व्यक्तीच्या शरीरातलं किंवा अनुभवातलं, एक घरातलं, एक आरोग्यसेवेतलं, आणि एक तुमच्या स्वतःच्या वागण्यातलं. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा. माझ्या टिपणांत याच्या बाजूने काय आहे, आणि विरुद्ध काय आहे?

पहिलं कारण अज्ञान. बाजूने काय? खरं तर काहीच नाही. विरुद्ध बरंच आहे: तपासणीची एकही तारीख चुकलेली नाही, गोळ्या तिने नेल्या आणि काही घेतल्यासुद्धा. ‘तिला महत्त्व कळत नाही’ हे कारण तिच्याच कार्डापुढे टिकत नाही. आणि ते टिकत नसेल तर ‘गोळ्यांचं महत्त्व समजावलं’ हा आमचा उपायही चुकीच्या दुखण्यावर होता.

दुसरं कारण पुरवठा. उपकेंद्रात गोळ्या संपल्या होत्या का? फळीवर पट्ट्या आहेत, म्हणजे या घरापुरतं हे बाद. कारण बाद करणं हेही विश्लेषणच आहे, ते नोंदीतून गाळू नका. फक्त कार्डावरची तारीख पाहून घ्या. पट्ट्या कालच मिळाल्या असत्या तर आपला सगळा हिशेब कोसळला असता.

तिसरं कारण गोळीचा त्रास. लोहाच्या गोळीने मळमळ होते, बद्धकोष्ठता होते, शौचाला काळं होतं. हे तुम्ही फार्माकॉलॉजीत शिकलेले असता. सुरुवातीच्या काही गोळ्यांनंतर थांबणं याच्याशी जुळतं. विरुद्ध पुरावा? नाही. बाजूने थेट पुरावा? तोही नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. विश्लेषण करताना असा रिकामा चौकोन दिसला की तो रिकामाच ठेवा आणि तसं लिहा. अंदाजाने भरू नका.

चौथं कारण घरातली वेळ. सासूबाईंच्या सांगण्यानुसार गोळी सकाळच्या चहाबरोबर. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, आणि कॅल्शियम त्याच वेळी घेतलं तर तेही आड येतं. म्हणजे घेतलेल्या गोळ्यांचाही पुरता उपयोग झाला नसेल. पण चहामुळे पट्ट्या न फोडलेल्या राहत नाहीत. हे कारण हिमोग्लोबिनला लागू पडतं, आपल्या गाठीला नाही. दोन प्रश्न एकमेकांत मिसळायची सवय इथे उघडी पडते, म्हणून कोणतं कारण कशाचं उत्तर देतं हे लिहून ठेवा.

पाचवं कारण आम्ही स्वतः. “गोळ्या घेता ना रोज?” या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे. पांढरा ॲप्रन घातलेली पाच मुलं दारात उभी, सोबत गोळ्या देणाऱ्या आशाताई, मागे सासू. अशा वेळी ‘नाही’ म्हणणं म्हणजे तिघांसमोर चूक कबूल करणं. ‘हो, घेते ना’ हे उत्तर खोटेपणापेक्षा आमच्या प्रश्नाबद्दल जास्त सांगतं. उजव्या रकान्यातलं ‘खोटं बोलतेय’ आता पुन्हा वाचा. ते वाक्य तिच्याविषयी वाटत होतं. पुराव्यानिशी पाहिलं तर आमच्या विचारण्याच्या पद्धतीविषयी निघालं.

चौथी पायरी: पुस्तक योग्य जागी आणा

काही नोंदींत भेटीचं वर्णन संपतं आणि मग रक्तक्षयाची व्याख्या, प्रकार, शासकीय कार्यक्रम असा परिच्छेद चिकटवलेला दिसतो. तो काढून टाकला तरी नोंदीचं काही बिघडत नाही. म्हणजेच तो तिथे नको होता. पुस्तकातली माहिती तुमच्या एखाद्या निष्कर्षाला बदलते, बळ देते किंवा पाडते, तिथेच ती आणा.

आपल्या प्रसंगात अशी एक जागा आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ७ ते ९.९ म्हणजे मध्यम. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात प्रतिबंधासाठी रोज एक लाल गोळी असते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सौम्य आणि मध्यम रक्तक्षयात रोज दोन. उपचार नीट चालला तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. तसं न वाढल्यास पुढे तपासणीसाठी पाठवायचं असतं. आता विचार करा, कार्डावर ‘गोळ्या चालू’ असं लिहिलंय आणि हिमोग्लोबिन ९.८ वरून ९.२ वर आलंय. पुढचा डॉक्टर याचा अर्थ ‘औषधाला प्रतिसाद नाही’ असा लावेल आणि तिला सिकलसेल, थॅलेसिमियाच्या तपासण्यांना पाठवेल. तपासण्या वाईट नाहीत, पण आधी गोळ्या पोटात जातायत का हे कळायला हवं होतं. आमच्या एका ‘ना’मुळे कार्डावर चुकीची माहिती पक्की होऊ शकते. इथे पुस्तक आणि भेट एकमेकांत गुंतली. ‘मग काय’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

(गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्यानेही हिमोग्लोबिन थोडं उतरतं. हेही नोंदीत यावं, नाहीतर सगळी घट गोळ्यांच्या माथी मारली जाईल.)

ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं चक्र अनेक महाविद्यालयांत शिकवलं जातं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती. चांगली चौकट आहे, पण विद्यार्थी सहाही खाने सारख्या लांबीचे भरतात. माझा सल्ला असा की निम्मे शब्द विश्लेषणाला द्या आणि वर्णन पाचव्या हिश्श्यात संपवा.

पाचवी पायरी: ‘पुढे काय’ तपासता येईल असं लिहा

‘यापुढे अधिक चांगला संवाद साधेन’ हे वाक्य खरं ठरलं की खोटं, कोण आणि कसं ठरवणार? कोण, कधी, काय करणार आणि काय झालं तर मी चूक ठरेन, एवढं लिहा. २०२२ पासूनच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे त्याच घरी पुन्हा जाता येतं, त्याचा उपयोग करा. एकदाच जायचं असेल तर सिस्टरना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना नेमकं काय सांगितलं, ते लिहा. गोळ्यांचा डोस किंवा वेळ विद्यार्थ्याने आपल्या मनाने बदलायची नसते. तीही गोष्ट त्यांच्यामार्फतच करायची.

तीच नोंद, पुन्हा लिहिलेली

«सहा महिन्यांच्या गरोदर ताईंना आम्ही विचारलं, “गोळ्या घेता ना रोज?” त्या “हो” म्हणाल्या. महिन्यापूर्वी मिळालेल्या साठ गोळ्यांपैकी जास्तीत जास्त तेरा संपल्या होत्या. मला आधी वाटलं की त्यांना महत्त्व कळत नाही आणि त्या ते लपवतायत. पण त्यांनी एकही तपासणी चुकवलेली नाही, आणि सुरुवातीच्या गोळ्या घेतलेल्या दिसतात. त्यामुळे अज्ञान हे कारण मला आता पटत नाही. पुरवठ्याचंही नाही, पट्ट्या घरातच होत्या. सुरू करून थांबवणं हे त्रासाशी जुळतं, पण मळमळ, बद्धकोष्ठता किंवा काळी शौच याबद्दल आम्ही विचारलंच नाही, त्यामुळे मला माहीत नाही. गोळी चहाबरोबर घेतली जाते असं कळलं. त्याने लोह कमी शोषलं जाईल, पण गोळ्या का उरल्या हे त्यातून समजत नाही.

आमचा प्रश्नच ‘हो’ मागणारा होता, तोही आशाताई आणि सासूबाईंसमोर. कार्डावर ‘गोळ्या चालू’ राहिलं तर हिमोग्लोबिनची घट औषध लागू न पडल्याची वाटेल. थोडी घट गरोदरपणात रक्त पातळ झाल्यानेही असू शकते. आम्ही दिलेला पालेभाज्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो या प्रश्नाचं उत्तर नव्हता.

पट्ट्यांचा हिशेब मी आजच सिस्टरना सांगितला. पुढच्या भेटीत मी एकटी, सोबत एकच मैत्रीण, असं जाईन आणि विचारेन, “बऱ्याच जणींना या गोळ्यांनी त्रास होतो, तुम्हाला काय झालं?” त्रास झाला नाही असं त्या म्हणाल्या तर माझा अंदाज चुकला आणि मला घरातली कारणं पुन्हा पाहावी लागतील.»

नोंद फार लांब नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तिच्यात आहे आणि त्याने गुण कमी होत नाहीत, निदान माझ्याकडे तरी. पहिल्या मसुद्यातली ‘आम्ही समजावून सांगितलं’ ही कृती इथे तपासली गेली. प्रश्नातही बदल आहे: ‘बऱ्याच जणींना त्रास होतो’ असं आधी म्हटल्याने ‘हो, मलाही’ म्हणायला जागा मिळते.

कुठे घसरायला होतं

विश्लेषण करायला सांगितलं की काही विद्यार्थी स्वतःला दोष देत सुटतात. ‘मी संवेदनशील नव्हते, मी अपयशी ठरले.’ हाही पुराव्याविना काढलेला निष्कर्ष आहे, फक्त रोख बदलला. तुमचं नेमकं कोणतं वाक्य, कोणती जागा, कोणती वेळ आड आली ते लिहा. दुसरी घसरण याच्या उलटी: सगळं ‘व्यवस्थे’वर. ‘शासकीय यंत्रणा कमी पडते’ असं लिहिलं की वाद घालता येत नाही आणि तपासताही येत नाही. आशाताईंनी लक्ष द्यायला हवं होतं असं वाटलं असेल तर त्यांच्याकडे किती घरं आहेत, महिन्यात या घरी किती वेळा जाणं होतं, हे त्यांनाच विचारा आणि मग लिहा.

तिसरी घसरण जास्त सूक्ष्म आहे. शिक्षकाला आवडेल म्हणून प्रत्येक नोंदीत मोठा बोध काढला जातो. सगळ्याच भेटींत गाठ सापडत नाही. ज्या दिवशी अपेक्षेप्रमाणेच सगळं झालं, त्या दिवशी चार ओळींची वर्णनात्मक नोंद पुरे. पोस्टिंगभरात तीन-चार नोंदी नीट खोल गेल्या तरी चालेल. तपासणाऱ्यांनीही हे आधीच सांगायला हवं, कारण रोज पानभर रिफ्लेक्शन मागितलं की ठोकळेबाज वाक्यंच येतात.

नोंद जितकी तपशीलवार, तितका ओळख उघड होण्याचा धोका. नाव गाळणं पुरेसं नसतं. छोट्या गावात ‘सहा महिन्यांची, दुसरी खेप, शाळेमागचं घर’ एवढ्यावरून बाई ओळखता येते. गाव, घराची खूण आणि कार्डाचा क्रमांक जर्नलमध्ये नको, फोटो तर नकोच. सासूबाईंचं वाक्य लिहिताना ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं तर काय होईल, याचा विचार करा. विश्लेषणाला गरज नसेल तर तेही गाळा.

आणि प्रत्येक नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडा. दुसऱ्या भेटीनंतर तिथे तारीख टाकून लिहा, वरचं काही न खोडता. समजा ताई म्हणाल्या, “संडासला काळं व्हायला लागलं, मला वाटलं आतून रक्त जातंय, म्हणून बंद केल्या. आईंना सांगितलं नाही, त्या रोज आठवण करायच्या.” तर त्या अर्ध्या पानावर दोन गोष्टी येतील: त्रासाचा अंदाज बरोबर निघाला, पण त्रासापेक्षा भीती मोठी होती, आणि सासूमुळे बोलता येत नसेल हा पहिल्या दिवशीचा उजव्या रकान्यातला विचार निम्माच खरा होता, कारण गोळीची आठवण त्याच करून देत होत्या. काळी शौच लोहामुळे होते हे पहिल्या पट्टीबरोबरच कुणी सांगितलं होतं का, हा पुढच्या नोंदीचा प्रश्न. तो उपकेंद्रात बसून, गोळ्या वाटताना काय बोललं जातं ते ऐकून सोडवायचा.